बँकेवर निर्बंध आले असता ठेवीदाराच्या हाती काय येते?

आमचे अफजलपूर कलबुर्गी जिल्ह्यात असले, तरी येथील व्यापाराचे एक तोंड नेहमी सोलापूरकडे असते. तूर, ज्वारी, हरभरा यांचे सौदे तिकडे होतात आणि त्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांची खातीही तेथील बँकांत असतात. तेव्हा सोलापुरातील एखाद्या बँकेच्या दारावर सूचना लागली, की तिची झळ आपल्या दुकानापर्यंत पोहोचते. काही वर्षांपूर्वी एका बँकेवर असे निर्बंध आले, त्या वेळी आम्ही एका शेतकऱ्यास दिलेला तुरीच्या रकमेचा धनादेश न वटता परत आला. आमच्या खात्यात पैसा होता, पण तो काढता येत नव्हता. तो शेतकरी भला होता म्हणून आमची पत राहिली. त्या दिवसापासून या विषयाची नीट माहिती करून घ्यावी असे आम्हांस वाटले. ती सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

उदाहरण जवळचेच घेऊ. सोलापूरच्या दि लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर भारतीय रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी व्यवहार बंद होण्याच्या वेळेपासून निर्बंध लादले. बँकिंग नियमन कायदा, १९४९ याच्या ३५-अ कलमाने हा अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळालेला आहे. निर्बंध लागले म्हणजे बँक बुडाली, असे नव्हे. बँकेचा परवाना कायम असतो. मात्र परवानगीवाचून तिला नवे कर्ज देता येत नाही, नवी ठेव घेता येत नाही आणि ठरवून दिलेल्या रकमेहून अधिक पैसा ठेवीदारास देता येत नाही. लक्ष्मी बँकेच्या बाबतीत ही रक्कम अवघी १,००० रुपये होती.

या हजार रुपयांविषयी पुष्कळांचा गैरसमज होतो. ही मर्यादा प्रत्येक खात्यास नसून प्रत्येक ठेवीदारास असते. बचत, चालू आणि मुदत ठेव अशी एकाच नावाची तीन खाती असली, तरी तिन्ही मिळून हजारच रुपये निघतात. ते दरमहा मिळतात असेही नाही. रिझर्व्ह बँक मर्यादा वाढवीपर्यंत तेवढ्यावरच थांबावे लागते. मर्यादा किती असावी हे त्या त्या बँकेजवळील रोकड पाहून ठरते, म्हणून एका बँकेस हजार, तर दुसरीस पाच हजार असे दिसते.

पूर्वी याच ठिकाणी ठेवीदाराची खरी परवड होई. विमा असे, पण परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत विम्याची रक्कम हाती येत नसे. निर्बंधांना सहा सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत राही आणि वर्षे निघून जात. १ सप्टेंबर २०२१ पासून कायद्यात दुरुस्ती झाली. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ठेव विमा व पत हमी महामंडळाने विम्याची रक्कम द्यावी, असे १८-अ हे नवे कलम सांगते.

या नव्वद दिवसांचे तीन भाग आहेत. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाकडे पाठवावयाची. पुढील ३० दिवसांत महामंडळाने ती तपासावयाची आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे द्यावयाचे. लक्ष्मी बँकेच्या तारखेवरून मोजल्यास यादीची मुदत २७ डिसेंबर, तपासणीची २६ जानेवारी आणि देण्याची १० फेब्रुवारी २०२२ अशी येते. बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण होण्याचा संभव असेल, तर ही मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढविता येते, हे मात्र ध्यानात असावे. लक्ष्मी बँकेचा परवाना २२ सप्टेंबर २०२२ रोजी रद्द झाला. त्यापूर्वीच, १३ सप्टेंबरपर्यंत, महामंडळाने तिच्या ठेवीदारांना १९३.६८ कोटी रुपये दिलेले होते. जुन्या कायद्याखाली यांतील एक रुपयाही त्या दिवसापर्यंत मिळाला नसता.

परंतु पैसा आपोआप चालत येत नाही. ठेवीदाराने बँकेत जाऊन विम्याची रक्कम घेण्यास आपली संमती आहे असे लेखी द्यावे लागते. सोबत ओळखीचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतील आपल्या खात्याचा तपशील लागतो, कारण रक्कम त्या दुसऱ्या खात्यात जमा होते. ज्याचे सारे व्यवहार एकाच बँकेत आहेत, तो येथे अडतो. खात्यावरील नाव एक आणि आधारवरील नाव दुसरे, किंवा खातेदार मृत होऊनही वारसांची नोंद नाही, अशी प्रकरणे मागे राहतात.

आता रक्कम किती? ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख रुपये आहे. त्यापूर्वी ती एक लाख होती. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात. सर्व शाखांतील रक्कम एकत्र होते, पण बँक वेगळी असल्यास विमाही वेगळा असतो.

व्यापाऱ्याचा हिशेब कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका गृहस्थाची स्वतःच्या नावे व्याजासह ३,६०,००० रुपयांची ठेव आहे आणि त्याच्या एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या चालू खात्यात २,१०,००० रुपये आहेत. दुकानाचे नाव निराळे असले, तरी मालक तोच, म्हणून दोन्ही मिळून ५,७०,००० होतात. मिळतील पाच लाख. उरलेले सत्तर हजार अवसायनात मालमत्ता विकून जे निघेल त्यावर अवलंबून. पण त्याच बँकेचे १,५०,००० रुपये कर्ज त्याच्याकडे असेल, तर बँक ते आधी वळते करून घेते. मग बाकी ४,२०,००० राहते आणि ती सर्व विम्यात बसते. त्याने पत्नीसह संयुक्त नावे चार लाख ठेवले असतील, तर ते वेगळे गणले जातात आणि पूर्ण मिळतात. भावाबरोबरच्या भागीदारी पेढीचे खातेही वेगळे. तेथे सहा लाख असल्यास पाच लाख मिळतात.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. हा विमा बँकांना आहे. पतसंस्था, सौहार्द पतसंस्था आणि गावची प्राथमिक कृषी पतसंस्था यांच्या ठेवींना तो नाही, पाटीवर कितीही मोठी अक्षरे असोत. अधिक व्याजाच्या ओढीने आपल्या बाजारपेठेतील पुष्कळ पैसा अशा ठिकाणी जातो. तेथे कुलूप लागले, तर नव्वद दिवसांचा हिशेब कोणी मांडणार नाही.

तेव्हा या दिवाळीस वह्या बदलताना बँकवार एक पान काढावे. प्रत्येक बँकेत कोणाच्या नावे किती रक्कम आहे, कोणते खाते कोणत्या नात्याने आहे आणि वारसाचे नाव लागले आहे काय, हे त्यावर लिहावे. पाच लाखांवरील आकडा ज्या नावापुढे दिसेल, तेथे तांबड्या शाईने खूण करावी. शेतकऱ्यास द्यावयाची रक्कम मात्र एकाच बँकेवर विसंबून ठेवू नये, हे आम्ही परत आलेल्या त्या धनादेशावरून शिकलो.