‘थ्री मेथड्स’ आणि ‘ट्विझर’: कन्फर्मेशन कुठे शोधायचं?

रायझिंग थ्री मेथड्स ही चढत्या बाजारात दिसणारी, साधारण पाच कॅन्डलची रचना आहे. पहिल्या दिवशी एक लांबलचक हिरवी कॅन्डल येते. पुढचे तीन दिवस भाव हळूहळू खाली सरकतो किंवा एका जागी रेंगाळतो आणि छोट्या छोट्या कॅन्डल तयार होतात; त्या बहुधा लाल असतात. पाचव्या दिवशी पुन्हा एक दमदार हिरवी कॅन्डल येते आणि तिचा बंद भाव पहिल्या कॅन्डलच्या बंद भावाच्या वर जातो. फॉलिंग थ्री मेथड्स ही हिचीच उलटी बाजू आहे: मोठी लाल कॅन्डल, मग तीन छोट्या, बहुधा हिरव्या, आणि शेवटी पुन्हा मोठी लाल, जी पहिलीच्या बंद भावाखाली बंद होते. दोन्ही रचना सांगतात की आधीपासून चालू असलेली दिशा थोडा दम खाऊन पुढे चालू राहिली आहे.

ट्विझर याच्या नेमकं विरुद्ध सांगतो. चढून आलेल्या बाजारात लागोपाठच्या दोन कॅन्डलचे उच्चांक एकाच भावाला थांबले, तर त्याला ट्विझर टॉप म्हणतात; पडत्या बाजारात दोन नीचांक जुळले, तर ट्विझर बॉटम. चिमट्याची दोन टोकं सारखी असावीत, तसे हे दोन भाव दिसतात. दिशा बदलण्याची शक्यता आहे एवढीच सूचना त्यातून मिळते.

या रचना जपानी व्यापाऱ्यांच्या परंपरेतून आल्या. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्यांची नीट ओळख करून दिली ती स्टीव्ह निसन यांच्या १९९१ सालच्या ‘जॅपनीज कॅन्डलस्टिक चार्टिंग टेक्निक्स’ या पुस्तकाने. भारतातले बहुतेक ट्रेडर आज जी नावं वापरतात, ती तिथूनच आली आहेत. पुस्तकात या दोन्ही रचना शेजारीशेजारी शिकता येतात, पण वापरताना त्यांच्यातला एक फरक लक्षात ठेवावाच लागतो. थ्री मेथड्सचं कन्फर्मेशन तिच्या पोटातच असतं, पाचव्या कॅन्डलच्या रूपाने. ट्विझरच्या पोटात तसं काही नसतं, त्याचं कन्फर्मेशन बाहेरून यावं लागतं. हा फरक विसरला गेला की एक तर घाईने खरेदी होते, नाही तर नुसत्या योगायोगावर पैसे लागतात.

आधी रायझिंग थ्री मेथड्स. एक काल्पनिक शेअर घेऊ, जो काही आठवड्यांत ४४० रुपयांवरून ४८० पर्यंत चढला आहे. पहिल्या दिवशी तो ४८० ला उघडतो, ४७८ चा तळ आणि ५०२ चा उच्चांक करून ५०० ला बंद होतो. त्या दिवशी १२ लाख शेअरची उलाढाल होते. दुसऱ्या दिवशी तो ४९४ ला बंद होतो, तिसऱ्या दिवशी ४८९ ला, चौथ्या दिवशी ४८७ ला. या तीन दिवसांतला सगळ्यात खालचा भाव ४८५ आहे आणि सगळ्यात वरचा ४९९. म्हणजे तिन्ही कॅन्डल त्यांच्या विकसकट पहिल्या कॅन्डलच्या ४७८ ते ५०२ या पट्ट्याच्या आतच राहिल्या. उलाढालही रोज घटत जाते: ६ लाख, मग ५, मग ४.

या तीन दिवसांत काय घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी खरेदी केलेल्यांपैकी काही जण नफा पदरात पाडून बाहेर पडत आहेत. नव्या खरेदीदारांना घाई नाही, म्हणून भाव थोडा घसरतो. पण विकणाऱ्यांना जोर असता, तर त्यांनी पहिल्या दिवसाची कमाई एका दिवसात पुसून टाकली असती. तीन दिवस झटूनही त्यांना ४७८ गाठता आलं नाही आणि दर दिवशी विक्रीचा माल कमीच होत गेला. ही माहिती महत्त्वाची आहे, मात्र चौथ्या दिवशीच्या संध्याकाळी तेवढीच माहिती हाती असते. त्या संध्याकाळी रचना पूर्ण झालेली नसते. सहाव्या, सातव्या दिवशीही भाव असाच ओघळत राहून ४७८ च्या खाली जाऊ शकतो.

पाचव्या दिवशी शेअर आदल्या बंद भावाच्या वर, ४८९ ला उघडतो, ५०८ पर्यंत जातो आणि ५०६ ला बंद होतो. उलाढाल १३ लाख. आता रचना पूर्ण झाली. बंद भाव ५०० च्या वर आहे, हा नियम पाळला गेला. तो ५०२ या पहिल्या दिवसाच्या उच्चांकाच्याही वर आहे, ही अधिक कडक कसोटी. चोखंदळ ट्रेडर हीच कसोटी लावतात आणि ते योग्यच आहे, कारण ५०२ ला ज्यांनी माल विकला होता त्यांचा अडसर आता दूर झालेला असतो. दोन्ही टोकांच्या मोठ्या कॅन्डलची उलाढाल मधल्या तिन्हींपेक्षा जास्त असली की रचनेचं वजन वाढतं.

हाच पाचवा दिवस वेगळा गेला असता तर? समजा, दुपारी भाव ५०४ पर्यंत गेला आणि शेवटच्या तासात विक्री येऊन ४९७ ला बंद झाला. दुपारी दोन वाजता चार्टवर सुरेख रायझिंग थ्री मेथड्स दिसत होती, साडेतीनला ती उरली नाही. नव्या ट्रेडरचे पैसे बहुतेक वेळा याच दीड तासात अडकतात. बंद भावाबद्दल आपल्याकडची आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या रोख विभागात अधिकृत बंद भाव हा पूर्वापार शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी काढून ठरत आला आहे. त्यामुळे पडद्यावर दिसणारा शेवटचा सौदा आणि अधिकृत बंद भाव यांत काही पैशांचा, कधी रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो. पाचवी कॅन्डल ५०० च्या जेमतेम वर असेल, तर एका चार्टवर रचना पूर्ण दिसेल आणि दुसऱ्यावर नाही. अशी काठावर पास झालेली रचना सोडून दिलेली बरी.

सौद्याचा हिशेब सोपा आहे. खरेदी ५०६ च्या आसपास आणि स्टॉप लॉस मधल्या कॅन्डलच्या तळाखाली, म्हणजे ४८४ ला. दर शेअरमागे जोखीम २२ रुपये. एका सौद्यात २,२०० रुपयांहून जास्त तोटा नको असेल, तर शंभरच शेअर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी भाव ५१८ ला उघडला, तर तीच जोखीम ३४ रुपये होते. मग एक तर शेअरची संख्या कमी करावी, नाही तर सौदा सोडावा.

मधल्या कॅन्डल तीनच हव्यात असं नाही; दोन किंवा चार असल्या तरी चालतात. त्या छोट्या असणं मात्र आवश्यक आहे. त्यांतली एखादी पहिलीच्या निम्म्याएवढी झाली, तर विक्रेते दमलेले नाहीत असंच समजावं. आधी चढ नसलेल्या, महिनोन् महिने आडव्या चाललेल्या शेअरमध्ये अशी आकृती उमटली तर तिला काहीच अर्थ नाही, कारण पुढे चालू राहायला दिशाच नसते.

फॉलिंग थ्री मेथड्सचे नियम हेच, उलटे करून. पण सामान्य गुंतवणूकदाराला तिचा उपयोग निराळा आहे. रोख बाजारात त्याला शॉर्ट सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो. दिवसापलीकडे शॉर्ट राहायचं, तर फ्युचर्स, ऑप्शन्स किंवा शेअर उसने घेण्याच्या व्यवस्थेकडे जावं लागतं. म्हणून त्याच्यासाठी ही रचना मुख्यतः सावधगिरीची आहे. मोठ्या पडझडीनंतरच्या तीन छोट्या हिरव्या कॅन्डल पाहून ‘तळ आला’ म्हणत खरेदी करण्याचा मोह होतो. त्या तिन्ही कॅन्डल पहिल्या लाल कॅन्डलच्या पट्ट्यातच अडकलेल्या असतील, तर तळ आलेला नाही, निदान अजून तरी तसं दिसलेलं नाही.

आता ट्विझर. दुसरा काल्पनिक शेअर ५५० वरून चढत आला आहे. एके दिवशी तो ६१० ला उघडतो, ६०६ चा तळ आणि ६४० चा उच्चांक करून ६३७ ला बंद होतो. दुसऱ्या दिवशी ६३८ ला उघडतो, पुन्हा ६४० ला थांबतो, ६२४ पर्यंत उतरतो आणि ६२७ ला बंद होतो. दोन दिवस ६४० ला कुणीतरी माल विकत बसलं आहे, एवढं यातून कळतं. भाव पैशापैशाने जुळायला हवेत असं नाही. ६४० च्या शेअरमध्ये पन्नास-साठ पैशांचा फरक चालून जातो.

पण दोन उच्चांक जुळणं ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. थॉमस बुल्कोव्स्की यांनी कॅन्डलस्टिक रचनांची मोठ्या प्रमाणावर मोजणी केली. त्या मोजणीत ट्विझरनंतर दिशा बदलण्याचं प्रमाण नाणेफेकीहून फारसं वेगळं निघालं नाही. म्हणून पुढच्या कॅन्डलकडे पाहावं लागतं. वरच्या उदाहरणात तिसऱ्या दिवसाचा बंद भाव ६२४ च्या, म्हणजे दुसऱ्या कॅन्डलच्या तळाच्या, खाली हवा. तिसरा दिवस ६१९ ला बंद झाला, तर पहिलं कन्फर्मेशन मिळालं. शिवाय पहिल्या दिवसाच्या चढाचा अर्ध्याहून जास्त भाग पुसला गेला. ६०६ च्या खाली बंद झाला, तर दोन्ही दिवसांची कमाई संपली आणि संशयाला फारशी जागा उरली नाही. उलट ६४० च्या वर बंद झाला, तर ट्विझर रद्द. तोच भाव स्टॉप लॉसचाही आधार.

दुसरी कसोटी जागेची. ६४० हा काही महिन्यांपूर्वीचा जुना उच्चांक असेल, तर तिथे विक्री येण्याला कारण आहे. तिसरी कसोटी म्हणजे सोबतची आकृती: दुसरी कॅन्डल शूटिंग स्टार किंवा डार्क क्लाउड कव्हरसारखी असेल, तर दोन वेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगत आहेत. ट्विझर बॉटमला हेच सगळं उलटं लावायचं. तिथे दुसऱ्या कॅन्डलच्या उच्चांकावर बंद भाव हवा आणि त्या दिवशी उलाढाल वाढलेली हवी.

काही ट्विझर मुळातच खोटे असतात. ज्या शेअरना ५, १० किंवा २० टक्क्यांची दैनंदिन भावमर्यादा आहे, ते अपर सर्किटला लागले की पाच मिनिटांच्या चार्टवर ओळीने सारखेच उच्चांक दिसतात. तिथे विक्रेते भाव रोखून धरत नसतात. उलट माल विकायला कुणी नसतं आणि नियमाने भाव थांबलेला असतो. त्याला ट्विझर टॉप समजून हातचा शेअर विकणारा चुकतो. दिवसाला मोजकेच सौदे होणाऱ्या शेअरमध्येही उच्चांक-नीचांक सहज जुळतात.

मिनिटांच्या चार्टपेक्षा दैनंदिन चार्टवरचा आणि त्याहून साप्ताहिक किंवा मासिक चार्टवरचा ट्विझर जास्त विश्वासार्ह असतो, कारण आठवडाभरात हजारो लोकांनी तो भाव पारखलेला असतो. त्याचं कन्फर्मेशनही मग पुढच्या पूर्ण आठवड्याच्या कॅन्डलमधूनच घ्यायचं. बुधवारी भाव तळाखाली गेला तरी ती कॅन्डल अपुरीच असते. ती आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, बहुधा शुक्रवारी, बंद होते.