मोठ्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं

मोठी सुट्टी संपल्याची घंटा होते तेव्हा प्राथमिक शाळेतलं मूल जेवून, हात धुऊन, मग उरलेला वेळ पळापळीत घालवून वर्गाकडे येत असतं. पोटात खिचडी किंवा वरणभात, छातीत धडधड, कपाळावर घाम आणि डोक्यात अर्धवट सुटलेला डाव. खो-खोत कोण आउट होतं याचा निकाल लागलेला नसतो. कुणाची रबरबँड हरवलेली असते, कुणाला धक्का लागलेला असतो. या मुलाला आपण लगेच सांगतो, हाताची घडी, तोंडावर बोट. ते बिचारं बोट ठेवतंही. बाईंची पाठ फळ्याकडे वळली की बोट खाली येतं आणि डाव पुन्हा सुरू होतो.

यात मुलाचा दोष नाही. धावून आल्यावर वाढलेले ठोके आणि श्वास जागेवर यायला काही मिनिटं जावी लागतात, आणि ती कुणाच्या हुकमाने कमी होत नाहीत. फिरता भोवरा बोट लावून थांबवला तर तो उडून भलतीकडे जातो. वेग आपसूक उतरू दिला की जागच्या जागी निजतो. सुट्टीनंतरचा वर्गही तसाच उतरवायचा असतो. मुलं ज्या आवाजात आणि ज्या हालचालीत आत येतात तिथूनच सुरुवात करायची आणि पायरी पायरीने खाली यायचं. मी प्राथमिकला शिकवते. दुपारच्या सत्राचं बरंवाईट या दहा मिनिटांवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी आवाजाचं गणित समजून घ्यायला हवं. गोंगाटात बोलताना माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे मांडलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आता आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. खाली फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. पस्तीस मुलं बोलतात, प्रत्येकाला शेजाऱ्याचं ऐकू यावं म्हणून जो तो आवाज थोडा वाढवतो, मग सगळ्यांनाच आणखी वाढवावा लागतो. त्यात बाई ‘शांत बसा!’ म्हणून ओरडल्या की गोंगाटात अजून एका मोठ्या आवाजाची भर पडते. म्हणून या दहा मिनिटांचा पहिला नियम शिक्षकासाठी आहे. पहिली काही मिनिटं बोलायचंच नाही, आणि नंतर बोलायचं ते शेवटच्या रांगेपर्यंत जेमतेम पोचेल एवढ्याच आवाजात.

सुरुवात वर्गात होत नाही, दारात होते. मी उंबऱ्याशी उभी राहते. मुलं व्हरांड्यात चपला काढतात, बाटलीतून दोन घोट पाणी पितात आणि एकेक करून आत येतात. प्रत्येकाकडे बघून नुसती मान हलवायची. पस्तीस मुलांना याला दीड-दोन मिनिटं लागतात. घोळक्याने आत घुसलेला वर्ग आवरायला जो वेळ जातो, त्यापुढे हा काहीच नाही.

दारातच तक्रारी येतात. ‘बाई, यानं मला ढकललं.’ ‘बाई, ही चिडवते.’ तिथेच न्यायनिवाडा करायला बसलं की मागची रांग फुटली म्हणून समजा. आमच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकोन आखलेला आहे. तक्रार असेल त्याने तिथे स्वतःचं नाव लिहायचं, बोलणं शाळा सुटण्याआधी होतं. नाव लिहिलं की मुलाला खात्री पटते की आपलं ऐकलं जाणार आहे. संध्याकाळपर्यंत बरीच नावं ज्याची त्यानेच पुसलेली असतात. मात्र ज्या मुलाला लागलं आहे, किंवा ज्याला रोज तोच मोठा मुलगा अडवतो आहे, त्याला या चौकोनात ढकलायचं नाही. त्याच्याशी तेव्हाच बोलायचं, बाकीचा वर्ग दोन मिनिटं मॉनिटरच्या टाळ्यांवर सोडावा लागला तरी चालेल.

आत आलेली मुलं जागेवर उभी राहतात, बसत नाहीत. मग टाळ्या. मी एक नमुना वाजवते, दोन सावकाश टाळ्या आणि तीन झटपट. मुलं तोच परत देतात. पहिली एक-दोन आवर्तनं चांगली खणखणीत, तळहातावर तळहात आपटून. मुलांकडे त्या वेळी आवाज शिल्लक असतोच, तो इथे कामी येतो. बोलणारी मुलंही टाळ्यांत ओढली जातात, कारण दोन्ही हात गुंतले की शेजाऱ्याला कोपर मारता येत नाही. सगळा वर्ग एका ठेक्यात आला की नमुना तोच ठेवून मी तळहातावर दोनच बोटं वाजवते. मग एकच बोट. मग नखावर नख. इथे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आवाज इतका बारीक होतो की पुढचा नमुना कानावर पडायला हवा असेल तर गप्प राहावंच लागतं. कुणीही ‘गप्प बसा’ म्हटलेलं नसतं. शेवटचं आवर्तन हवेतच, बोटं एकमेकांना न लावता. याला सगळी मिळून तीन मिनिटं पुरतात.

या पायरीवर हमखास होणारी गडबड म्हणजे घाई. मोठ्या टाळीवरून एकदम एका बोटावर आलात तर मागची मुलं मोठ्यानेच वाजवत राहतात. निम्मा वर्ग खाली उतरला नसेल तर त्याच पायरीवर आणखी एक आवर्तन घ्यायचं. दुसरी गडबड रोज नवा, अवघड नमुना घेण्याची. त्याने मुलं चुकतात, हसतात आणि पारा पुन्हा चढतो. एक नमुना आठवडाभर चालवावा.

मग शरीराची पाळी. तळहात एकमेकांवर छातीसमोर ठेवून दहा मोजेपर्यंत जोराने दाबायचे आणि सैल सोडायचे. दोनदा. खांदे कानांपर्यंत उचलून सोडायचे. जेवण नुकतंच झालेलं असतं, त्यामुळे कंबरेतून वाकणं, उड्या, श्वास रोखणं यातलं काहीच नको. त्यानंतर मुलं खाली बसतात आणि ‘चिमणी उड’ खेळतो, पण मुका. चिमणी उड म्हटलं की एक बोट वर, तोंडाने भुर्र नाही. म्हैस उड म्हटलं की बोट मांडीवरच. हात उचलायला निघालेला असताना तो थांबवणं, हा या खेळाचा गाभा आहे, आणि पुढच्या तासाला मुलाला लागणारी गोष्टही तीच. नावं मी दर वेळी जरा हळू आवाजात घेते. यात कुणालाही बाद करायचं नाही. बाद झालेलं मूल रिकामं बसतं, आणि रिकामं मूल काय करतं हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको.

मागच्या पावसाळ्यातला एक मंगळवार सांगते. खो-खोवरून भांडलेली दोन मुलं एकाच बाकावरची. टाळ्यांत एकाने जाणूनबुजून उलट ठेका धरला, दुसरा त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. मी जागेवरून हलले नाही, नाव घेतलं नाही. फक्त एका बोटाच्या पायरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. उलटा ठेका त्या शांततेत एकटा पडला आणि दोन आवर्तनांत जुळला. ‘म्हैस उड’ला दोघांचंही बोट वर गेलं. दोघे एकमेकांकडे बघून हसले. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, फळ्यावर दोघांची नावं होतीच. पण दुपारचा गणिताचा तास दोघांनी केला.

श्वास याच्याही नंतर येतो. बऱ्याच ठिकाणी तो पहिल्यांदा घेतला जातो, आणि धापा टाकणाऱ्या मुलाला ‘श्वासाकडे लक्ष दे’ सांगितलं की त्याला काही सापडत नाही. डावा पंजा पसरायचा, उजव्या हाताचं बोट अंगठ्याच्या कडेने वर न्यायचं तेव्हा श्वास आत, दुसऱ्या कडेने खाली आणायचं तेव्हा श्वास बाहेर. पाच बोटं, पाच श्वास. खाली येताना बोट जास्त हळू फिरवायचं, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. सोडणं लांबलं की त्याचा उपयोग होतो. डोळे मिटायची सक्ती नाही. काही मुलांना मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटते, त्यांनी बोटाकडे बघावं. पहिलीच्या मुलांना तीन बोटं पुरेत.

इथे थांबावंसं वाटतं, कारण वर्ग छान शांत झालेला असतो. पण थांबू नये. दुपारी दोन-अडीचला शरीर तसंही सुस्तावतं, आणि आणखी चार-पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं तर मागची रांग डुलक्या घेऊ लागते. म्हणून शेवटचं दीड-दोन मिनिटांचं काम ऐकायचं आणि लिहायचं. अर्धा मिनिट कान देऊन ऐकायचं आणि ऐकू आलेले तीन आवाज पाटीवर लिहायचे. पंख्याची कुरकुर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज. ते लिहून झालं की फळ्यावर सकाळच्या धड्यातलं एक सोपं उदाहरण आधीच लिहून ठेवलेलं असतं, पेन्सिल तशीच पुढे त्यावर जाते. हे उदाहरण सुट्टीतच लिहून ठेवायला हवं. मुलं गप्प बसलेली आणि बाई पुस्तकात पान शोधतायत, एवढ्या वेळात सगळी मेहनत वाया जाते.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? वर्ग चिडीचूप असणं ही खूण मी धरत नाही. भीतीनेही वर्ग चिडीचूप होतो. मी पाट्या बघते. बहुतेकांनी तिसरा आवाज सांगण्याची वाट न बघता लिहायला घेतला असेल, आणि माझा हलका आवाज शेवटच्या बाकाला पुन्हा विचारावा लागत नसेल, तर जमलं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस याला पंधरा मिनिटंही लागतात. क्रम मात्र रोज तोच हवा. पुढे काय येणार हे माहीत झालं की मुलं पुढच्या पायरीवर आपणहून येतात. एकशिक्षकी शाळेत, जिथे पहिली ते चौथी एकत्र बसतात, तिथे चौथीतलं एक मूल टाळ्यांचा नमुना देऊ शकतं, आणि पहिलीची पोरं बाईंपेक्षा त्याचंच जास्त ऐकतात.

ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी टाळ्या डोक्याच्या उंचीवर, सगळ्यांना हात दिसतील अशा वाजवायच्या आणि त्याला समोर बसवायचं. आणि जे मूल रोज दहा मिनिटांनंतरही अस्वस्थच राहतं, त्याने दुपारी नीट जेवण केलं का, हे आधी बघावं. भुकेवर टाळ्यांचा इलाज नाही.

मुसळधार पावसाच्या दिवसांत सगळा हिशेब उलटा होतो. मुलं सुट्टीभर वर्गातच कोंडलेली असतात, पळणं झालेलंच नसतं. त्या दिवशी मी दारातली रांग गाळते आणि तो वेळ जागच्या जागी झपाझप चालण्याला देते, हात भिंतीला लावून भिंत ढकलायला लावते. टाळ्या त्यानंतर, आणि मोठ्या टाळीची आवर्तनं दुप्पट. पत्र्यावर पाऊस वाजत असला तर एका बोटाची टाळी ऐकूच येत नाही, म्हणून तेव्हा ती मी डोळ्यांसमोर हात धरून, नुसती दाखवते.