तीन शाखा, तीन सरासऱ्या आणि एक अवघड प्रश्न

समजा, एका पतसंस्थेच्या गावात तीन शाखा आहेत : कॉलनीतली, बाजारपेठेतली आणि एसटी स्टँडजवळची. संचालक मंडळाने प्रत्येक शाखेतल्या वीस खातेदारांकडून एक फॉर्म भरून घेतला. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण गुण दहा ते पन्नास. बेरजा झाल्या. कॉलनी शाखेची सरासरी ३८ आली, बाजार शाखेची ३६.५ आणि स्टँड शाखेची ३३.५. बहुतेक ठिकाणी पुढची गोष्ट ठरलेली असते. वार्षिक सभेच्या अहवालात तीन रंगीत खांब छापले जातात, कॉलनीच्या शाखाधिकाऱ्याला नारळ-शाल मिळते आणि स्टँडवाल्याला खुलासा मागितला जातो.

पण एकाच शाखेतल्या वीस खातेदारांचे गुण तरी कुठे सारखे असतात? कोणी ४५ देतो, कोणी २८. त्याच शाखेतून दुसरे वीस जण निवडले असते तर सरासरीही थोडी हलली असती. तेव्हा आधी विचारायचं ते एवढंच : या तीन सरासऱ्यांमध्ये दिसणारं अंतर निव्वळ माणसं निवडण्याच्या योगायोगाने पडू शकतं का? या प्रश्नासाठी जी चाचणी वापरतात तिला एकमार्गी अॅनोव्हा म्हणतात. ती रूढ केली रोनाल्ड फिशर यांनी, इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात. तिथे प्रश्न शाखांचा नव्हता, खतांचा आणि पिकाच्या वाणांचा होता. आपल्याकडेही ही पद्धत रुजली ती शेतीतूनच. पानसे आणि सुखात्मे यांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्यांनी ते वापरलं.

हिशेब वाटतो तितका भयंकर नाही. प्रत्येक शाखेच्या आत गुण किती पसरले आहेत ते आधी पाहायचं. आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन कॉलनीत ४.८, बाजारात ५.२ आणि स्टँडवर ५ आहे असं धरू. यांचे वर्ग साधारण २३, २७ आणि २५, त्यांची सरासरी २५. एका खातेदाराच्या मतातला हा चढउतार झाला. वीस जणांची सरासरी काढली की तो विसाव्या हिश्शावर येतो : २५ भागिले २०, म्हणजे १.२५. शाखांमध्ये खरा फरक काहीच नसता, तर तीन सरासऱ्यांमधला पसारा साधारण एवढाच दिसला असता.

आता प्रत्यक्ष पसारा. तिन्ही शाखांची मिळून सरासरी ३६. तिच्यापासून शाखांची अंतरं २, ०.५ आणि उणे २.५. त्यांचे वर्ग ४, ०.२५ आणि ६.२५, बेरीज १०.५. तिला शाखांच्या संख्येपेक्षा एक कमी, म्हणजे दोनने भागलं की ५.२५. अपेक्षा १.२५ची, दिसले ५.२५, गुणोत्तर ४.२. यालाच एफ म्हणतात. शाखा खरोखर सारख्या असताना ४.२ किंवा त्याहून मोठा एफ शंभरात साधारण दोनदाच निघतो. नेहमीची मर्यादा शंभरात पाचची असते. तेव्हा तिन्ही शाखा सारख्या आहेत हे म्हणणं आता टिकत नाही.

एफ एवढंच सांगतो. वेगळी शाखा कोणती, हे तो सांगत नाही, आणि सभेतला पहिला प्रश्न नेमका तोच असतो. एक्सेलमध्ये Anova: Single Factor हा पर्याय आहे, पण तोही इथेच थांबतो. मग लोक दोन-दोन शाखा घेऊन तीन वेगवेगळ्या टी-चाचण्या करतात. प्रत्येक चाचणीत चुकीचा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के ठेवली, तरी तिन्ही मिळून निदान एक खोटा फरक पदरात पडण्याची शक्यता सुमारे बारा टक्के होते. तीन शाखांना हे एक वेळ खपेल. दहा शाखा झाल्या तर जोड्या पंचेचाळीस होतात, आणि तिथे खोटा फरक सापडण्याची शक्यता खूपच वाढते.

यावर जॉन ट्यूकी यांची रीत सोयीची आहे. सगळ्या जोड्या एकदम तपासल्या तरी एकूण चुकीची शक्यता पाच टक्क्यांतच राहावी, एवढं मोठं किमान अंतर ती ठरवून देते. आपल्या आकड्यांसाठी हे अंतर ३.८ गुण येतं. कॉलनी आणि स्टँड यांच्यात ४.५चा फरक आहे, तो पास. बाजार आणि स्टँड यांच्यात ३, तो नापास. कॉलनी आणि बाजार यांच्यात १.५, तोही नापास.

म्हणजे कॉलनी आणि बाजार यांच्यात फरक सिद्ध नाही, बाजार आणि स्टँड यांच्यातही नाही, पण कॉलनी आणि स्टँड यांच्यात आहे. सभेत कोणीतरी उठून विचारणारच, "हे कसं काय?" कोडं सुटतं ते ‘सिद्ध नाही’ला ‘सारखं’ समजणं सोडलं की. बाजार आणि स्टँड यांच्यातला खरा फरक उणे ०.८ ते ६.८ यांपैकी कितीही असू शकतो, एवढंच या फॉर्मवरून म्हणता येतं. कॉलनी-स्टँडचा फरक ०.७ ते ८.३ यांच्या दरम्यान. फरक आहे, पण तो नगण्य आहे की मोठा, हे अजून धूसरच आहे. माझ्या मते अहवालात ताऱ्यांच्या खुणांऐवजी ही अंतरंच छापावीत.

एक वाट मात्र याहून धारदार आहे. फॉर्म वाटण्याआधीच मंडळाने ठरवलं असतं की स्टँड शाखेत नवी संगणकप्रणाली आधी बसवली आहे, म्हणून तिची तुलना उरलेल्या दोघींच्या सरासरीशी करायची, तर प्रश्न एकच उरतो. ३७.२५ आणि ३३.५, फरक ३.७५, त्याची प्रमाणत्रुटी १.३७. फरक त्रुटीच्या पावणेतीन पट आहे, आणि एकाच तुलनेला साधारण दुप्पट पुरते. पण ही सवलत आधी लिहून ठेवलेल्या प्रश्नालाच. आकडे पाहून स्टँड मागे आहे हे कळल्यावर तोच प्रश्न ‘आधीच ठरला होता’ म्हणणं म्हणजे पीक पाहून पेरा लिहिणं.

खरी पडझड बहुधा गणिताच्या आधीच झालेली असते. स्टँड शाखेचे वीसही फॉर्म पेन्शनच्या दिवशी, एकाच रांगेत उभ्या असलेल्यांकडून भरून घेतले असतील, तर ती वीस स्वतंत्र मतं नाहीत, एका वैतागलेल्या सकाळचं एकच मत आहे. अॅनोव्हाला हे कळत नाही, ते वीसच मोजतं. शाखांमधला पसाराच फार वेगळा असेल, त्यातही फॉर्मची संख्या असमान असेल, तर साध्या एफऐवजी वेल्च यांची चाचणी आणि जोड्यांसाठी गेम्स-हॉवेल वापरणं बरं. शिवाय फरक पक्का ठरला तरी तो कर्मचाऱ्यांमुळेच आहे असं होत नाही. कॉलनीत नोकरदार, स्टँडवर घाईतले प्रवासी आणि छोटे दुकानदार असा खातेदारांचा फरकही तेवढेच गुण खाऊ शकतो.

बाजार आणि स्टँड यांचा निकाल लावायचाच असेल तर ३.८चं किमान अंतर २ गुणांवर आणावं लागेल. पसारा असाच राहिला तर त्यासाठी प्रत्येक शाखेत साधारण सत्तर फॉर्म लागतात, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी भरून घेतलेले. तोवर स्टँडच्या शाखाधिकाऱ्याकडे खुलासा मागण्याआधी त्याच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी किती खिडक्या उघड्या असतात ते पाहून यावं.