रात्री दोन वाजता संगणक कोणी बंद केला?

‘अचानक अपडेट आल्यामुळे काम राहिलं.’ मुदत चुकली की घरून काम करणारा अनुवादक बहुधा एवढंच कळवतो. ग्राहकाला ते पटत नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही. महिन्याचं नेहमीचं अपडेट सहसा अर्ध्या तासात आटोपतं. मग अख्खी सकाळ गेली कुठे?

समजा, औषधाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद गुरुवारी सकाळी दहाला द्यायचा आहे. विंडोजचं मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. बुधवारी संगणक ते गुपचूप उतरवून घेतो आणि ‘ॲक्टिव्ह अवर्स’ संपायची वाट पाहतो. हे तास सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असे ठेवले असतील, तर रात्री जागणारा अनुवादक नेमका त्यांच्या बाहेर राहतो. दोन वाजता तो जरा आडवा होतो आणि संगणक स्वतःच रीस्टार्ट होतो. एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते अपडेट अर्ध्यावर फसलं तर. पहाटे पाचला पडद्यावर ‘Undoing changes’ दिसतं, वीज बंद करू नका अशी ताकीद मिळते आणि नऊपर्यंत यंत्र हाती येत नाही.

या चार तासांचा हिशेब पत्रात आला पाहिजे. ‘नमस्कार. संगणक रात्री २.१० ला आपोआप रीस्टार्ट झाला आणि फसलेलं अपडेट मागे घेण्यात ९ वाजले. मजकूर पूर्ण अनुवादित आहे, पण मात्रेचे आकडे मूळ प्रतीशी ताडायचे राहिले आहेत. पहिला भाग आत्ता पाठवतो, उरलेला दुपारी दोनपर्यंत देतो. चालेल का?’ हे दहाच्या आत गेलं पाहिजे. त्यानंतर गेलं, तर ग्राहकाला पुढची सोय करायला वेळच उरत नाही.

पुरावा मागितला, तर तो यंत्रातच असतो. Event Viewer मध्ये System या नोंदवहीत 1074 क्रमांकाची नोंद रीस्टार्टची वेळ आणि कोणाच्या नावानं तो झाला, हे सांगते. तिथे अनुवादकाचं नाव नसून NT AUTHORITY\SYSTEM असेल, तर बटण त्यानं दाबलेलं नाही. फसलेल्या अपडेटची नोंद 20 क्रमांकाखाली मिळते. मात्र काम किती झालं होतं, हे यातून कळत नाही. त्यासाठी अर्धवट फाइलच पाठवावी लागते.

पैशांची भरपाई मात्र क्वचितच मिळते. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी न मागता आलेल्या विंडोज १० वरून मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं आणि १०,००० डॉलर मिळवले; ही बातमी २०१६ मध्ये गाजली, ती विरळा म्हणूनच.

‘ॲक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात. मोठं काम हाती असेल, तर अपडेट्स काही आठवडे थांबवताही येतात. ती मुदत संपली की साचलेली अपडेट्स आधी घ्यावी लागतात, म्हणून अनुभवी अनुवादक ती काम पोचवल्याच्या संध्याकाळी स्वतःच उरकून टाकतात.