पहिल्याच पानावर निर्णय

मार्केटिंगचा अहवाल तीस पानांचा असला, तरी पैसे मंजूर करणारा माणूस बहुधा पहिलंच पान वाचतो. त्या पानाला एक्झिक्युटिव्ह समरी म्हणतात. 'या अहवालात दिवाळी मोहिमेचा आढावा घेतला आहे' असं तिथे लिहिलं, तर ती नुसती अनुक्रमणिका होते. त्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मसाला कंपनीने दिवाळीत जाहिरातींवर २० लाख रुपये खर्च केले. त्यातले ८ लाख इन्स्टाग्रामवर गेले आणि १२ लाख वर्तमानपत्रांत. कोण कुठून आलं हे कळावं म्हणून दोन्हीकडे वेगवेगळे कूपन कोड दिले होते. इन्स्टाग्रामच्या कोडवर ४,००० नवे ग्राहक आले, वर्तमानपत्राच्या कोडवर १,५००. म्हणजे एक ग्राहक मिळवायला इन्स्टाग्रामवर २०० रुपये पडले आणि वर्तमानपत्रात ८००. समरी इथेच थांबली, तर वाचणारा सगळा पैसा इन्स्टाग्रामकडे वळवेल.

पण अहवालाच्या बाविसाव्या पानावर आणखी एक तक्ता आहे. पुढच्या ६० दिवसांत पुन्हा मसाला मागवणारे ग्राहक इन्स्टाग्रामचे ४०० निघाले, वर्तमानपत्राचे ७५०. टिकलेल्या ग्राहकामागचा खर्च अनुक्रमे २,००० आणि १,६०० रुपये झाला. चित्र उलटलं! मसाल्याचा धंदा पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो, म्हणून समरीत हाच आकडा आधी यायला हवा. कुठला आकडा वर घ्यायचा हे ठरवणं मला या लेखनातलं सर्वांत जबाबदारीचं काम वाटतं.

मग समरी अशी होईल: 'पुढच्या हंगामात वर्तमानपत्रांचा खर्च कमी करू नये. टिकलेला ग्राहक तिथे १,६०० रुपयांना मिळाला, इन्स्टाग्रामवर २,००० रुपयांना. जाहिरात वाचून थेट किराणा दुकानातून घेणारे कूपनमध्ये मोजले गेलेले नाहीत, आणि हिशेब एकाच हंगामाचा आहे. इन्स्टाग्रामवरच्या ग्राहकांना दुसऱ्या खरेदीवर सवलत देऊन पाहण्यासाठी १ लाख रुपये १५ जानेवारीपर्यंत मंजूर करावेत.'

शिफारस, तिचा आधार, त्या आधाराची मर्यादा आणि मागणी, एवढ्यावर वाचणारा होय किंवा नाही म्हणू शकतो. मर्यादेचं वाक्य परिशिष्टात ढकलण्याचा मोह होतो, पण फक्त हेच पान वाचणाऱ्याला मग आकडा आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. 'तीस लाख लोकांपर्यंत पोहोचलो' असली वाक्यं मात्र खुशाल गाळावीत. त्यांनी निर्णय बदलत नाही.

समरी सगळ्यात शेवटी लिहावी आणि मोहिमेशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त तेवढंच पान द्यावं. काय करायचं, किती पैसे लागतील आणि कधीपर्यंत, हे त्याला अहवाल न उघडता सांगता आलं नाही, तर पान पुन्हा लिहावं. पाठवण्याआधी समरीतला प्रत्येक आकडा आतल्या तक्त्याशी ताडून पाहावा, कारण शेवटच्या दिवशी तक्ते दुरुस्त होतात आणि पहिल्या पानावर जुनाच आकडा राहून जातो.