नासारोधहर फवारे

नासारोधहर फवारे : चोंदलेले नाक काही मिनिटांत मोकळे करण्यासाठी नाकपुडीत फवारले जाणारे औषधी विद्राव. झायलोमेटाझोलीन व ऑक्सिमेटाझोलीन ही त्यांतील प्रमुख औषधे होत. ती अल्पकाळ उपयुक्त असली, तरी काही दिवस सलग वापरल्यास ज्या तक्रारीसाठी ती घेतली तीच तक्रार उत्पन्न करतात. या विकाराला ‘औषधजन्य नासाशोथ’ म्हणतात.

नाक चोंदते ते केवळ शेंबडामुळे, हा समज बरोबर नाही. नाकाच्या आतील बाजूच्या भिंतींवर शुक्तिका नावाचे उंचवटे असतात. त्यांवरील श्लेष्मकलेत (बुळबुळीत अस्तरात) नीलांचे जाळे असून ते रक्ताने फुगले की हवेचा मार्ग अरुंद होतो. निरोगी अवस्थेत अनुकंपी तंत्रिकांतून स्रवणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलीन या वाहिन्या आकुंचित ठेवते. फवाऱ्यातील औषध त्याचेच कार्य अधिक जोराने करते. परिणाम काही मिनिटांत दिसून साधारणतः ८ ते १२ तास टिकतो.

वाहिन्यांवर हे औषध वारंवार पडत राहिल्यास त्यांची प्रतिसादक्षमता घटते आणि तंत्रिकांतून होणारा नॉरअ‍ॅड्रेनॅलिनाचा नैसर्गिक स्रावही मंदावतो. त्यामुळे औषधाचा अंमल उतरताच वाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक फुगतात. सततच्या आकुंचनाने श्लेष्मकलेचा रक्तपुरवठा कमी होऊन तिला सूज येते, असेही मानले जाते. म्हणून प्रौढांनी हे फवारे सामान्यतः ३ ते ५ दिवसांपलीकडे वापरू नयेत.

उदा., मुंबईच्या गोरेगाव उपनगरात राहणाऱ्या एखाद्या प्रौढास पावसाळ्यात पडसे झाले, असे समजू. दमट घरातील धूलिकीटकांची त्यास अ‍ॅलर्जीही आहे. दुकानातून आणलेला फवारा तो सकाळी व रात्री मारतो आणि त्यास शांत झोप लागते. पडसे आठवड्यात ओसरते. परंतु रात्री नाक बंद होतच राहते. तो फवारा तीनदा, मग चारदा मारू लागतो. महिन्याभराने तो पहाटे नाक बंद होऊन जागा होतो आणि बाटली उशाशी ठेवल्याविना त्यास झोप येत नाही. येथे मूळ पडसे केव्हाच बरे झालेले असते; उरलेला रोध औषधाचा असतो. औषधाचा अंमल उत्तरोत्तर कमी वेळ टिकणे आणि शिंका वा पाणी न वाहता नाक बंद राहणे, या त्याच्या खुणा होत. तपासणीत श्लेष्मकला लाल व सुजलेली दिसते.

यावर मुख्य उपाय म्हणजे फवारा बंद करणे. पहिले काही दिवस नाक अधिकच चोंदते व पुष्कळ रुग्ण येथेच पुन्हा बाटलीकडे वळतात. म्हणून काही वैद्य प्रथम एकाच नाकपुडीतील वापर थांबवितात व ती मोकळी झाल्यावर दुसरीतील थांबवितात. जोडीला फ्ल्युटिकासोन किंवा मोमेटासोन यांसारख्या स्टेरॉइडाचा फवारा देतात. त्याचा गुण यावयास काही दिवस लागतात. मात्र त्याने वरील प्रकारचा प्रत्याघात होत नाही. तो मारताना मान किंचित पुढे झुकवून टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूस रोखावे, म्हणजे पडद्यातून रक्त येण्याचा संभव कमी होतो. सुधारणेस एक ते अनेक आठवडे लागू शकतात. मूळ अ‍ॅलर्जी, वाकडा पडदा किंवा नाकातील मांसवृद्धी असल्यास तिचा स्वतंत्र उपचार करावा लागतो. अन्यथा रोध कायम राहतो.

साध्या पडशात मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा अधिक निर्धोक उपाय आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास स्थापिलेल्या कैवल्यधाम संस्थेत शिकविली जाणारी जलनेती ही याच जातीची क्रिया होय. पाव लिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडे कमी, मीठ घालावे. पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाचे न उकळलेले पाणी नेतीसाठी वापरणाऱ्या दोघांचा नीग्लेरिया या अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला. हेच पाणी पिण्याने हा रोग होत नाही. नाकात गेल्यास अमीबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. वाफाऱ्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु उकळते भांडे कलंडून मुले भाजतात.

लहान मुलांना प्रौढांचा फवारा देऊ नये. त्याने गुंगी येऊन नाडी व श्वसन मंदावू शकते. उच्च रक्तदाब, हृद्‌रोग, काचबिंदू असणाऱ्यांनी व अवसादावरील काही औषधे घेणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे, रक्तमिश्रित स्राव किंवा डोळ्याभोवती सूज ही लक्षणे असल्यास कान-नाक-घसा तज्ञाकडून तपासणी आवश्यक असते.