नारिंगी मुळं आणि सात ओळींचं उत्तर

‘साडेचार हजार घेतले आणि डोक्याचा भोपळा करून दिला. मुळाशी नारिंगी, खाली काळंच. कुणी फिरकू नका.’ खाली एक तारा आणि उन्हात काढलेला फोटो.

रात्री अकराला पार्लरच्या मालकीणबाईंनी हे वाचलं आणि तिथल्या तिथे उत्तर टाइप केलं: ‘मॅडम, तुम्ही पाच वर्षं पांढरे केस लपवायला काळी मेंदी लावत होतात, हे आम्हाला आधी सांगितलं नाही. मेंदीवर कलर बसत नाही.’ सुदैवाने नवऱ्याने फोन हातातून काढून घेतला.

या उत्तरातलं केसांचं शास्त्र बरंचसं बरोबर होतं. बाजारातल्या काळ्या मेंदीत बहुधा रासायनिक काळा रंगही असतो. एकदा केसात मुरलेला कृत्रिम रंग त्यावर दुसरा रंग लावून उजळत नाही; त्यासाठी आधी तो काढावा लागतो. बाईंच्या डोक्यावर मुळाशी दोनेक इंच नवे, नैसर्गिक केस होते आणि खाली जुनी मेंदी. मुलीने ९ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये ॲश ब्राउन कालवून मुळांपासून टोकांपर्यंत एकदमच लावला. मेंदीचा भाग हलला नाही. मुळाशी मात्र टाळूच्या उबेने रंग जोरात काम करून गेला. आपले काळे केस उजळायला लागले की आधी आतला तांबूस-नारिंगी रंगच वर येतो, तो तिथे उघडा पडला.

पण मग चूक कोणाची? मेंदी लावता का, हे विचारणं पार्लरचं काम. मानेजवळची एक बारीक बट घेऊन तिच्यावर आधी रंग लावून पाहिला असता, तर अर्ध्या-पाऊण तासात हे सगळं दिसलं असतं. मालकीणबाईंनी सकाळी मुलीला विचारलं. बट पाहिली नव्हती. उत्तर लिहायच्या आधी करायचं काम हेच: त्या दिवशी कोणता रंग, किती टक्क्यांचा डेव्हलपर, किती मिनिटं, याची चौकशी. ती केली नाही तर उत्तरात एक तर खोटा बचाव येतो, नाही तर पोकळ माफी.

आणि पांढऱ्या केसांचा उल्लेख? तो खरा असला तरी चव्हाट्यावर आणायचा नाही. खुर्चीत बसलेल्या बाईने विश्वासाने सांगितलेलं किंवा तिच्या डोक्यावर दिसलेलं काहीही जाहीर उत्तरात येता कामा नये. तिने स्वतः जे लिहिलंय, तेवढ्याबद्दलच बोलायचं.

दुपारी गेलेलं उत्तर असं होतं:

‘नमस्कार मॅडम. तुमचा अभिप्राय वाचला, फोटोही पाहिला. मुळं नारिंगी झाली आणि खाली रंग चढला नाही, हे काम आमच्याकडून चुकलं. रंग लावण्याआधी एका बटेवर तपासायला हवं होतं, ते राहिलं. त्याबद्दल माफी मागते. तुमची तयारी असेल तर दुरुस्ती मी स्वतः करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. पुन्हा आमच्याकडे येणं नको वाटत असेल तर भरलेली रक्कम परत करू. पार्लरच्या नंबरवर कळवा, फोन मीच घेईन.’

यात ‘तुम्हाला रंग आवडला नाही याचं वाईट वाटतं’ हे वाक्य नाही, ते मला फार बरं वाटलं. त्या वाक्यात दोष हळूच गिऱ्हाइकाच्या आवडीवर सरकवलेला असतो. नेमकी चूक नावानिशी आली की पुढचं गिऱ्हाईक समजतं, इथे आता बट तपासतील. ‘ॲश ब्राउन करून देऊ’ असंही वचन नाही, कारण मेंदीच्या केसांवर ते एका बैठकीत बहुधा जमत नाही. तारे वाढवा, मग पैसे परत, असा सौदाही नाही. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय बदलून घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही.

तक्रार टाळूची आग, पुरळ किंवा डोळ्यांभोवतीची सूज याबद्दल असती, तर फुकट दुरुस्ती सुचवणं घातकच. तिथे पुन्हा रंग लावायचा नाही. आधी डॉक्टरांना दाखवा म्हणायचं आणि वापरलेल्या रंगाचं नाव कळवायचं.

बाई तीन दिवसांनी आल्या. मालकीणबाईंनी ओली बट हलकेच ताणून पाहिली. ती रबरासारखी लांबत गेली असती तर रसायन बंदच ठेवावं लागलं असतं. पण केस धड होते. नारिंगीला निळा मारतो, म्हणून निळसर छटेचा गडद ब्राउन त्यांनी फक्त मुळांना लावला आणि रंग खालच्या काळ्याच्या जवळ आणला. ॲश ब्राउन हवा असेल तर मेंदी थांबवून, केस वाढतील तसे कापत जावं लागेल, हे खुर्चीतच सांगितलं.

अभिप्राय अजून तिथेच आहे. बाईंनी खाली एक ओळ वाढवली आहे: ‘नंतर नीट करून दिलं. पण मुळात व्हायलाच नको होतं.’ तारे आता तीन.